उद्या पाच वाजता, आणि माझं ‘येते’

शहापूरच्या बसस्टँडजवळ माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. आमच्या गिऱ्हाइकांना फोन करायचा कंटाळा. मेसेज टाकतात, आणि मेसेज म्हणजे काय, तर नुसती वेळ. ‘उद्या सहा.’ ‘शनिवारी.’ ‘चारला येऊ?’ नाव नाही, गाव नाही. पाठवणारीला वाटतं की तिच्या मनात जे आहे तेच माझ्याही मनात आहे. माझ्या मनात मात्र त्या वेळी कुणाच्या तरी बाहीचं माप असतं. मी सगळ्यांना एकच उत्तर लिहिते: ‘कोण? ब्लाऊज कुठला?’ त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. हसतात, आणि मग नीट सांगतात.

हेच उत्तर मी एकदा जिथे लिहायला नको होतं तिथे लिहिलं, त्याची गोष्ट आधी सांगावी लागेल. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्याही आत, सिद्धगडाच्या पायथ्याला. आमच्याकडे मयताची बातमी मोबाईलवर द्यायची नाही, असं आहे. कुणी नियम केलेला नाही, पण मेलेल्या माणसाचं नाव बोटांनी टाइप करायला कुणाचं मन धजत नाही. बातमी तोंडी जाते. कुणीतरी उठतं, मोटरसायकल काढतं, घरी येऊन सांगतं. मग उचलायची वेळ ठरली की तेवढीच मेसेजवर टाकतात. ‘आज चार.’ ‘उद्या दहा.’ ज्याला मिळते त्याला कोण ते आधीच माहीत असतं. त्याने ‘येतो’ लिहायचं, बस.

माझी आई गेली तेव्हा मला तोंडी सांगायला येणारा माणूस आलाच नाही. तो समजला दुसऱ्याने सांगितलं असेल, दुसरा समजला याने. मला आला तो नुसता मेसेज, भलत्याच नंबरावरून: ‘आज चार वाजता.’ लग्नसराई चालू होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी नेहमीचं लिहून टाकलं: ‘कोण? ब्लाऊज कुठला?’

मेसेज आला तो मोबाईल माझ्या दादाच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात होता. त्याने ते वाचलं. दादाने पण वाचलं. मी पोचले तेव्हा आईला अग्नी देऊन झालेला होता. विहारात पुण्यानुमोदनाला बसलो, पण दादा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. गावात मात्र सगळे बोलत होते, की आई मेली तर लेक विचारते ब्लाऊज कुठला. माझं काय चुकलं होतं, सांगा. मला कुणी सांगितलं होतं का? मला राग आला, आणि तो मी जपून ठेवला. दादानेही त्याचा ठेवला. आम्ही दोघं एकाच आईची, त्यामुळे हट्टात कमी कुणीच नाही. रक्षाबंधन, भाऊबीज सगळं आमच्याकडे बंद झालं. तो जिवंत आहे हे मला माझी मुरबाडची चुलत बहीण सांगायची. मी विचारत नसे, तरी सांगायची.

एवढं सांगितल्यावर आता त्या दिवसाकडे येते.

दुपारची वेळ होती. मी अस्तर कापत होते. फोन वाजला. अनोळखी नंबर, त्यावर एवढंच: ‘उद्या पाच वाजता.’

मी सवयीने ‘कोण?’ टाइप करायला घेतलं. मग त्या नंबराच्या फोटोकडे लक्ष गेलं. फोटो माणसाचा नव्हता, डोंगराचा होता. सिद्धगड सगळ्यांनाच माहीत आहे, पण तो प्रत्येक गावाकडून वेगळा दिसतो. या फोटोत त्याचा खांदा उजवीकडे झुकलेला होता आणि खाली एक उतरत गेलेलं रान होतं. आमच्या परसातून तो असाच दिसतो. तो फोटो आमच्या गावातूनच काढलेला होता.

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली.

आठवड्यापूर्वीच चुलत बहीण फोनवर म्हणाली होती, “दादाच्या छातीत दुखतंय गो. कल्याणला मोठ्या दवाखान्यात दाखवला. कायतरी नस बंद हाय म्हणतात.” मी त्यावर “बरं” म्हटलं होतं. फक्त बरं. काय बाई आहे मी, एवढं ऐकून बरं म्हणून पुन्हा मशीनवर बसले होते.

आता समोर फोन आणि त्यावर पाच वाजता. गावचा नंबर, नुसती वेळ, नाव नाही. आमच्याकडच्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं याचा अर्थ काय. उद्या पाच म्हणजे संध्याकाळचे पाच. मुंबईची, सुरतेची माणसं पोचायची असली की दुसऱ्या दिवसावर ठेवतात, आणि उन्हं कलली की उचलतात. पहाटे कुणी उचलत नाही. मी बसल्या जागी एवढं सगळं जुळवलं.

गिऱ्हाईक बाई म्हणाली, “ताई, गळा मोठा ठेवा हां मागून.” मी हो म्हटलं. काय ठेवलं आणि काय कापलं, मला आजही सांगता येणार नाही.

उत्तर तर द्यायला हवं होतं. मेसेजचं उत्तर दिलं नाही तर उद्या गाव म्हणेल, बघा, भावाच्या मयताचं कळवलं, हिने ‘येते’ सुद्धा लिहिलं नाही. आणि ‘कोण?’ असं विचारायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. आईच्या वेळी विचारलं, आता भावाच्या वेळीही विचारू? जगातला दुसरा कुठलाही प्रश्न मी विचारला असता. हा एक मला विचारता येत नव्हता.

खरं सांगायचं तर आणखी एक होतं. मी विचारलं नाही तोवर तो मेलेला नव्हता. ‘कोण’ म्हटलं आणि समोरून नाव आलं की संपलं. म्हणून मी फोन पालथा घातला आणि शिलाई मारत बसले. सुई दोनदा तुटली.

शेवटी नवऱ्याला फोन लावला. तो रेल्वेत आहे, कसाऱ्याला लाईनवर. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगो, सरळ विचार ना. कोण बोलतंय, कुठनं, कशाला. त्यात काय एवढं?”

“तुमाला नाय कळायचं.”

“मला नाय कळायचं तर मला फोन कशाला केलास?”

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी फोन ठेवून दिला.

मग चुलत बहिणीला लावला. तिलाही सरळ विचारायची छाती नव्हती. “दादा गेला का” असं कसं विचारायचं? आणि गेला असेल आणि तिला माहीत असेल, तर ती म्हणणार, तुला ठाऊक नाय? मी आडून सुरुवात केली.

“काय गो, बरं हाय ना सगळं?”

ती म्हणाली, “का? काय झालं?”

“नाय, सहज.”

“सहज तू कधी फोन करतेस?”

हेही खरंच होतं. मी म्हटलं, “मला एक मेसेज आलाय. गावचा. उद्या पाच वाजता.”

तिचा आवाज बदलला. “माझ्या डोळ्याची पापणी सकाळपासून फडफडतेय,” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं. दादाचा चेहरा बघितला ना मी गेल्या टायमाला, पार उतरलेला.”

दादाचा चेहरा मी कितीतरी दिवसांत बघितलेला नव्हता, पण मी हूं म्हटलं. तिला वाटलं मला माहीत आहे, म्हणून मी वेळ सांगतेय. मला वाटलं तिला आधीच माहीत आहे, म्हणून ती चेहऱ्याचं काढतेय. दोघींनीही तोंडातून नाव काढलं नाही. ती रडायला लागली, तशी मी पण लागले, आणि मग शंका कसली राहते? रडणं हाच पुरावा झाला.

“आमची जीप हाय,” ती नाक ओढत म्हणाली. “यांच्या दोन फेऱ्या झाल्या की दुपारी मोकळी होईल. तू मुरबाडला ये, एकत्रच जाऊ. फुलं मी घेऊन ठेवते.”

फोन ठेवल्यावर मी मेसेज उघडला आणि लिहिलं: ‘येते.’ पाठवलं. दोन खुणा आल्या, आणि लगेच निळ्या झाल्या. पलीकडे कुणीतरी फोन हातात धरूनच बसलं होतं. कुणाच्या हातात असेल, वयनीच्या? की भिवंडीच्या गोडाऊनला काम करणारा माझा भाचा घरी आला असेल? मी बराच वेळ त्या निळ्या खुणांकडे बघत राहिले. काहीतरी येईल असं वाटलं. काही आलं नाही. ‘येते’वर कोण काय लिहिणार?

संध्याकाळी नवरा घरी आला. माझं तोंड बघून त्याने न विचारताच स्वतःच्या मोबाईलवरून त्या नंबराला फोन लावला. मी त्याचा हात धरला, पण त्याने लावलाच. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आमच्या गावात रेंज नाही. म्हशाच्या बाजारात येते, नाहीतर वर टेकाडावर चढून फोन हवेत धरावा लागतो.

“बघ,” तो म्हणाला, “अजून वेळ हाय. रातोरात कायतरी करून निघ. तुझा भाऊ हाय.”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “मला कुणी सांगायला आलं का घरी? सख्ख्या बहिणीला नुसती वेळ टाकली. मग मी पण वेळेवरच जाणार. पाचची पाहुणी मी.” असं मोठ्या तोऱ्यात म्हणाले आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. राग आणि दुःख एकत्र आलं की माणसाला काही सुचत नाही, मला तरी सुचलं नाही. नवऱ्याला दुसऱ्या दिवशीची ड्यूटी सोडता येत नव्हती. तो म्हणाला, सुटलो की परस्पर येतो.

झोप नावालाच. लहानपणी दादा मला खांद्यावर घेऊन नदी उतरायचा, ते आठवत होतं. मी त्याच्या कानाला धरायची. तो ओरडायचा, कान सोड, पण खाली ठेवायचा नाही. आईच्या वेळी त्याच्या समोर जाऊन एवढं म्हणायला हवं होतं, दादा, मला कुणी सांगितलंच नव्हतं रे. म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मी वाट बघत बसले, त्याने विचारावं म्हणून. तो बसला मी सांगावं म्हणून.

सकाळी मी दुकान उघडलं नाही. पांढरी साडी काढली, इस्त्री केली. आमच्याकडे मयताला पांढरंच नेसतात. मेणबत्त्यांचं पाकीट घेतलं, अगरबत्ती घेतली. तरी वेळ जाईना. एवढ्या लवकर जाऊन काय करू, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तिथे पोचून ती चादर बघायची मला भीती वाटत होती. जेवढं उशिरा बघेन तेवढं बरं. मग किन्हवलीवरून जाणारी मुरबाडची एसटी धरली.

मुरबाडला बहिणीच्या दारात जीप उभी होती. मागच्या सीटवर पिशवीत पांढरी फुलं, शेवंती आणि मोगरा, वर एक हार, पांढरं कापड. बहिणीने मला मिठी मारली आणि आम्ही परत रडलो. तिचा नवरा, आमचे भावजी, बिचारे तोंड बारीक करून स्टेअरिंगला बसले होते. त्यांनी रस्त्यात एकदाच विचारलं, “तुमाला सांगायला कोण आलेला?” मी बहिणीकडे बघितलं. बहिणीने माझ्याकडे बघितलं.

“हिला मेसेज आला ना,” बहीण म्हणाली.

“हिला ठाऊक होतं की,” मी म्हणाले.

“मला कुठलं? तुझ्याकडनंच तर कळलं.”

भावजींनी गाडीचा वेग कमी केला. मग परत वाढवला. मी फोन काढून तो मेसेज परत वाचला. पण एवढं रडून झाल्यावर, फुलं घेतल्यावर, साडी नेसल्यावर माणूस मागे फिरतं का? बहीण म्हणाली, “पन मेसेज तर आलाय ना? गावातनंच आलाय ना?” मी हो म्हटलं. म्हसा मागे पडलं. फोनची रेंज गेली. आता विचारायचं म्हटलं तरी विचारता येणार नव्हतं.

गावात शिरलो तर विहारासमोर कुणी नाही. आमच्या घराकडच्या वाटेला चपला नाहीत, माणसं नाहीत. एक म्हातारा भाताचा पेंढा बांधत होता, त्याने पांढऱ्या साड्या बघून हातातला पेंढा खाली ठेवला. मला वाटलं उचलून नेलं. परत उशीर झाला, परत मी राख बघणार. मी जीप थांबायच्या आत दार उघडलं.

दादा ओट्यावर बसला होता.

इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल, बाजूला एक कापडी पिशवी आणि एक्सरेची मोठी पाकिटं. भिंतीला टेकून बसला होता. मला बघून हसला. केवढा वाळला होता तो. गाल आत गेलेले, मान बारीक झालेली.

“आलीस बाय?” तो म्हणाला.

मी तिथेच अंगणात बसले. मागून बहीण उतरली, तिच्या हातात हार होता. दादाला बघून तिने तो पाठीमागे लपवला, पण एवढा मोठा हार कुठे लपणार? दादाने हार बघितला, आमच्या साड्या बघितल्या, पिशवीतली फुलं बघितली. त्याला कळायला वेळ लागला नाही. तोही त्याच गावचा.

“माझ्यासाठी आणलीव होय?” एवढंच तो म्हणाला.

वयनी आतून आली. ती आमच्या साड्यांकडे बघतही नव्हती. ती माझ्यावर अशी तुटून पडली की मला बोलायला फुरसत मिळाली नाही.

“आता आलीस? आता? पहाटं गाडी दारात हुबी होती. पाच वाजता निघायचं होतं कल्याणला. आठला बोलवलेलं, आत घालणार होते यांना, ती नस बघायला. तुला कळवलेलं ना? ह्यांनी स्वतः कळवलेलं, म्हशाला जाऊन, नव्या नंबरावरनं. गाडीवाला सात वाजेपर्यंत थांबला, मग दुसरी पाशिंजरं घेऊन गेला. मी पाया पडले ह्यांच्या, चला म्हणून. म्हणतात, नाय. तिने येते लिवलंय. ती येणार.”

मी दादाकडे बघितलं.

“तू लिवलंस येते,” तो म्हणाला, जणू मीच काही विचारलं होतं. “मग तुला न बघता कसं जाऊ? तिकडे आत घेतात, परत येईन नाय येईन.”

“दादा, तू लिहायचं ना,” मी म्हणाले. “दवाखान्यात जायचंय, सकाळी पाच. एवढं लिहायचं ना.”

“लिवत होतो. मग म्हटलं, जास्त लिवलं तर तुला वाटंल दवाखान्याचं नाव सांगून बोलवतोय. तुला यायचं असंल तर येशील, नायतर नाय. म्हणून नुसता टाइम टाकला.” तो थांबला, श्वास घेतला. “तू विचारशील असं वाटलेलं. तू इचारलं नायस. लगेच येते म्हणालीस. मला किती बरं वाटलं.”

वयनी म्हणाली, “दवाखान्यात सांगितलेलं उपाशी या. म्हणून कालपासून पोटात अन्न नाय. सकाळपासून चहाचा घोट नाय. म्हणतात, ती आली की लगेच निघायचं, मग परत पोट भरलेलं नको. गोळ्या तेवढ्या घेतल्यात पाण्यासंग.”

पहाटेपासून आता ऊन उतरेपर्यंत तो त्या ओट्यावर उपाशी बसला होता, बंद नस घेऊन, इस्त्रीच्या शर्टात. आणि मी त्या वेळात शहापूरला साडीला इस्त्री करत होते. येते म्हणून मोकळी झाले होते. कुठे येते, कधी येते, कशाला येते, काहीच न विचारता.

“भावजी, गाडी फिरवा,” मी म्हणाले.

भावजींनी गाडी आधीच फिरवली होती. आम्ही दादाला मध्ये बसवला. वयनी पुढे, बहीण आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना. फुलांची पिशवी काढून ठेवायलाही कुणाला सुचलं नाही, ती आमच्या पायाशी तशीच राहिली, आणि गाडीभर मोगऱ्याचा वास. मला तो वास नको नको झाला होता. म्हशाला रेंज आली तसा वयनीने पिशवीतला दवाखान्याचा कागद दिला, मी त्यावरच्या नंबराला फोन लावला. या वेळी मी सगळं विचारलं. पेशंट आता आणला तर चालेल का, कुठल्या दाराने आणायचा, खायला दिलं तर चालेल का, कुणाला भेटायचं. पलीकडची नर्स म्हणाली, अहो, हळू बोला. आजचं तर गेलं, आता आधी घेऊन या, आणि त्यांना थोडं काहीतरी खाऊ द्या. नवऱ्यालाही परस्पर कल्याणला यायला सांगितलं, आणि मुरबाडला मी दादाला चहात बिस्किट बुडवून भरवलं. त्याने दोन खाल्ली आणि नको म्हणाला.

आज दादा बरा आहे, म्हणून हे सांगायला जीभ वळते. त्या जीपमध्ये तसं काही माहीत नव्हतं. त्याचं कपाळ गार लागत होतं आणि घाम येत होता. मी त्याचा हात धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की मी याला मारलं. कालचं माझं दुःख खोटं होतं, आता मात्र खरंच होईल, आणि माझ्यामुळेच होईल.

टिटवाळ्याच्या फाट्यापुढे तो हळूच म्हणाला, “आईच्या वेळंस तुला कोण सांगायला आलेला?”

“कुणी नाय आला दादा.”

“कुणीच नाय?”

“नाय. नुसता टाइम आला. मला वाटलं गिऱ्हाईक.”

त्याने डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाला, “मी समजलेलो तुला सांगून आलेत.” आणि माझा हात त्याने आपल्या दुसऱ्या हाताखाली घेतला. एवढंच. इतक्या दिवसांचं एवढंच होतं.

कल्याणला पोचलो. दवाखान्यात त्याला लगेच आडवा करून छातीला वायरी लावल्या, कागद निघाला. डॉक्टर तरुण होते, माझ्या भाच्याएवढे. त्यांनी तो कागद बघितला, परत बघितला आणि दुसऱ्याला हाक मारली. आता घरी सोडत नाही म्हणाले, आत्ताच आत घेतो. वयनीकडून सह्या घेतल्या, तेव्हा तिने पहाटेच्या गाडीचं सांगून टाकलं. मग दादाला विचारलं, आवाजात राग होता, पण काळजीचा:

“काका, सकाळी आठला बोलावलं होतं. गाडी होती, सगळं होतं. एवढा वेळ घरी बसून राहिलात कशासाठी?”

“बहीण येणार होती,” दादा म्हणाला. त्याला वाटलं यापुढे काही सांगायची गरज नाही.

डॉक्टरांनी वर बघितलं. पांढऱ्या साडीतल्या आम्ही दोघी. त्यांची नजर माझ्यावर थांबली, बहुतेक माझ्या रडक्या तोंडामुळे.

“आणि तुम्ही कुठे होतात दिवसभर?”

याच्या मयताची तयारी करत होते, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? बहिणीने खाली मान घातली. मी म्हणाले, “उशीर झाला डॉक्टर.”

स्ट्रेचर हलायला लागलं होतं. दादाने मान वळवली, माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे.

“आली ना पन,” तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, “काका, आता बोलू नका,” आणि त्याला आत नेलं.